भाजी ब्लांच करताना पडणारे प्रश्न: वेळ, तापमान आणि पेरॉक्सिडेज टेस्ट

हे सगळे प्रश्न मला कुणी ना कुणी खरंच विचारलेले आहेत, काही घरी फ्रीझर भरून ठेवणाऱ्यांनी, काही छोटं युनिट टाकलेल्यांनी. मी बरीच वर्षं भाजी गोठवणाऱ्या एका युनिटच्या लॅबमध्ये काढली, त्यामुळे उत्तरं थोडी लॅबच्या बाजूने झुकलेली असतील. ब्लांच करणं म्हणजे गोठवण्याआधी किंवा डबाबंद करण्याआधी भाजी थोडा वेळ गरम पाण्यात किंवा वाफेवर ठेवणं. उदाहरण जास्त करून फरसबीचं दिलंय कारण माझे हात सगळ्यात जास्त तिनेच पोळलेत.

फ्रीझरमध्ये सगळं थांबतंच ना, मग आधी गरम पाण्यात घालायचं कशाला?

थांबत नाही, मंदावतं. उणे 18 अंशांना जंतू वाढत नाहीत हे खरं, पण भाजीतले एन्झाइम म्हणजे जंतू नाहीत. ती भाजीचीच स्वतःची प्रोटीन्स असतात आणि गोठलेल्या भाजीतसुद्धा थोडंसं पाणी द्रव राहिलेलं असतं, त्यात साखर, आम्लं, क्षार सगळं दाटून बसलेलं असतं, तिथे त्यांचं काम हळूहळू चालूच राहतं. शिवाय गोठताना बर्फाच्या सुया पेशी फोडतात, म्हणजे इतके दिवस वेगवेगळ्या कप्प्यात असलेल्या गोष्टी एकमेकांत मिसळतात. कच्चे मटार तसेच पिशवीत भरून ठेवा, काही आठवड्यांतच वाळल्या गवतासारखा वास यायला लागतो आणि दोन-तीन महिन्यांनी तर शिजवल्यावरही तो जात नाही. हे मुख्यतः चरबीवर काम करणाऱ्या लिपॉक्सिजनेज नावाच्या एन्झाइमचं काम. मटारात चरबी किती असते म्हणा, अगदी थोडी, पण तेवढी पुरते.

ब्लांचिंगमुळे बाकी फायदे पण होतात, पृष्ठभागावरची माती आणि जंतू कमी होतात, भाजी मऊ पडून पिशवीत नीट बसते, पेशींमधली हवा निघून गेली की हिरवा रंग एकदम उठून दिसतो. पण गोठवण्यासाठी खरं कारण एकच, एन्झाइम मारणे.

कॅनिंगमध्ये तर डबा नंतर रिटॉर्टमध्ये, म्हणजे प्रेशरखाली तापवणाऱ्या मोठ्या भांड्यात, जातोच, 115-121 अंशांना एन्झाइम मरणारच, मग तिथे ब्लांचिंग कशाला?

बरोबर पकडलंत. म्हणूनच कॅनिंगवाल्यांचं ब्लांचिंग आणि फ्रीझिंगवाल्यांचं ब्लांचिंग दिसायला सारखं असलं तरी त्यांचा उद्देश वेगळा असतो, आणि एकाचं वेळापत्रक दुसऱ्याने उचललं की गडबड होते.

कॅनिंगमध्ये पहिलं काम म्हणजे भाजीच्या आतली हवा काढणं. ती हवा डब्यात गेली तर रिटॉर्टमध्ये फुगून शिवणीवर ताण देते, नंतर व्हॅक्यूम नीट बसत नाही आणि राहिलेला ऑक्सिजन डब्याच्या पत्र्याला खातो. दुसरं काम भाजी आकसवणं. पालक कच्चा असताना डब्यात मावतच नाही आणि दाबून भरला तरी रिटॉर्टनंतर अर्ध्यावर येतो, ठरलेलं वजन भरायचं तर आधीच आकसलेला हवा. तिसरं म्हणजे गरम भाजी भरली की डब्याचं सुरुवातीचं तापमान वर राहतं, आणि रिटॉर्टची वेळ त्या सुरुवातीच्या तापमानावर ठरवलेली असते, ते खाली गेलं तर तीच वेळ कमी पडते.

म्हणून काही भाज्या कॅनिंगसाठी मुद्दाम कमी तापमानाला ब्लांच करतात. फरसबी उकळत्या पाण्यात घातली तर डब्यात तिची साल सुटून लोंबते, तीच 75-80 अंशांना जरा जास्त वेळ ठेवली तर पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनवर काम करणारं एक एन्झाइम जागं होतं, ते कॅल्शियमला पेक्टिनशी बांधायला मदत करतं आणि शेंग घट्ट राहते. आता गंमत बघा, तिथे एन्झाइम मारायचा नाही तर कामाला लावायचाय. अशा मालाची पेरॉक्सिडेज टेस्ट, म्हणजे पेरॉक्सिडेज नावाचा एन्झाइम मेला की नाही हे रंगावरून बघणारी टेस्ट, पॉझिटिव्ह येणारच आणि त्यात काहीही बिघडलेलं नाही, पुढे रिटॉर्ट आहे. हाच माल फ्रीझरमध्ये टाकलात तर मात्र फसलात.

मग फ्रीझिंगसाठी नक्की किती वेळ आणि किती तापमान?

उकळत्या पाण्यात मटारचे दाणे दीड मिनिट, फरसबी 3 मिनिटं, फ्लॉवरचे साधारण इंचभर तुरे 3 मिनिटं, पालक 2, गाजराचे छोटे चौकोनी तुकडे 2 आणि अख्खं छोटं गाजर 5, भेंडी आकाराप्रमाणे 3-4, अख्खं मक्याचं कणीस आकाराप्रमाणे 7 ते 11 मिनिटं. घरच्यासाठी हे आकडे चांगले आहेत, वापरा. फक्त यातला प्रत्येक आकडा दोन गोष्टी गृहीत धरतो, त्या कुणी वाचत नाही.

एक म्हणजे पाणी भरपूर असलं पाहिजे, किलोला साधारण 8 लिटर. दुसरं म्हणजे भाजी टाकल्यावर पाणी मिनिटभरात परत उकळलं पाहिजे, आणि वेळ त्या परत उकळण्यापासून मोजायची. परत उकळायला जास्त वेळ लागतोय म्हणजे भांड्याच्या मानाने भाजी जास्त झाली, एवढा साधा हिशोब.

हे का ते आकड्यात दाखवतो. 40 लिटर पाणी 97 अंशांना आहे, त्यात 20 अंशांची 5 किलो फरसबी टाकली की मिश्रण साधारण 89 अंशांवर येतं. तेच 10 किलो टाकली तर 82 वर. म्हणजे नुसता ढीग दुप्पट केल्याने सुरुवातच 7 अंश खालून होते आणि शिवाय वर येण्यासाठी तापवायचं वजनही वाढलेलं असतं. टायमर मात्र तोच.

आणि तापमान कुठे मोजताय ते पण बघा. पाण्यात थर्मामीटर लावून समाधान मानणारे पुष्कळ असतात, पण एन्झाइम पाण्यात नाही, शेंगेच्या मधोमध आहे. उष्णता आत जायला वेळ लागतो, जाडी दुप्पट झाली तर ढोबळमानाने चौपट वेळ लागतो. म्हणून आधी आकाराप्रमाणे भाजी वेगळी करणं हे ब्लांचिंगचंच काम समजा.

वेळ थोडी कमी झाली तर निदान अर्धा फायदा तरी होईल ना?

नाही, उलट नुकसान. अर्धवट ब्लांच केलेली भाजी कधी कधी न केलेल्या भाजीपेक्षा वाईट निघते, कारण उष्णतेने पेशींचे पडदे तुटतात, आतलं सगळं मोकळं होतं, पण एन्झाइम मात्र जिवंतच राहतात, वर कोमट तापमानाला त्यांचा वेग वाढतो. त्यांना आयतं ताट वाढून ठेवल्यासारखं होतं. 50-60 अंशांच्या आसपास भाजी रेंगाळणं हा सगळ्यात वाईट पट्टा, म्हणून गरम करणं झटपट आणि गार करणं पण झटपट.

गार करायला बर्फाचं पाणी, निदान 15 अंशांच्या खाली, आणि ब्लांचिंगला जितका वेळ दिला साधारण तितकाच. मग नीट निथळायचं. निथळलं नाही तर पिशवीत बर्फाचा गोळा होतो, ते वेगळंच दुखणं.

खरा चोर लिपॉक्सिजनेज आहे तर टेस्ट पेरॉक्सिडेजची का करतात?

कारण भाजीतल्या नेहमीच्या एन्झाइम्समध्ये पेरॉक्सिडेज सगळ्यात चिवट. तो मेला म्हणजे बाकीचे त्याआधीच मेले असं समजता येतं. शिवाय टेस्ट स्वस्त, पाच मिनिटांत होते, डोळ्याने दिसते. लिपॉक्सिजनेज मोजायचा तर स्पेक्ट्रोफोटोमीटर वगैरे लागतं, लाइनवर उभं राहून कोण करणार.

पण यातच एक गोची आहे. सगळ्यात चिवटाला पूर्ण मारायचं म्हटलं की बाकी भाजी गरजेपेक्षा जास्त शिजते, रंग उतरतो, चव आणि सी जीवनसत्त्व पाण्यात जातं. यावर पुढे वेगळा प्रश्न आहे.

टेस्ट नक्की कशी करायची, आकड्यांसकट सांगा.

दोन द्रावणं लागतात. एक, गुआयकॉल 0.5 टक्के, म्हणजे अर्धा ग्रॅम गुआयकॉल 50 टक्के अल्कोहोलमध्ये विरघळवून 100 मिली करायचं. गुआयकॉल साधारण 28 अंशांना वितळतो, त्यामुळे थंडीत बाटलीत खडे झालेले दिसतील, बाटली खराब झाली म्हणून फेकू नका, कोमट पाण्यात उभी करा. वास धुरकट येतो, तो तसाच असतो. दुसरं, हायड्रोजन पेरॉक्साइड 0.08 टक्के. 30 टक्क्यांचं असेल तर 2.8 मिली घेऊन लिटरभर करायचं, औषधाच्या दुकानातलं 3 टक्क्यांचं असेल तर 2.7 मिली घेऊन 100 मिली. हे द्रावण गडद बाटलीत, फ्रिजमध्ये, आणि आठवड्याला ताजं. 30 टक्क्यांचं पेरॉक्साइड कातडी जाळतं, ग्लोव्ह आणि चष्म्याशिवाय हात लावू नका.

सॅम्पल गार झालेल्या मालातून घ्यायचं, 100 ते 200 ग्रॅम, ग्रॅमला 3 मिली या हिशोबाने डिस्टिल्ड पाणी घालून मिनिटभर मिक्सरला फिरवायचं आणि कापसातून गाळायचं. या गाळलेल्या रसातला 2 मिली घेऊन टेस्ट ट्यूबमध्ये 20 मिली डिस्टिल्ड पाण्यात टाका. त्यात 1 मिली गुआयकॉल, न हलवता वरून 1 मिली पेरॉक्साइड, मग एकदा नीट हलवून घड्याळ सुरू. शेजारी दुसरी ट्यूब ठेवायची, 2 मिली रस आणि 22 मिली पाणी, त्यात काहीच घालायचं नाही, ही तुलनेसाठी. हिरव्या रसात लालसर तपकिरी झाक आली की नाही हे नुसतं बघून कळत नाही, दोन ट्यूब पांढऱ्या कागदासमोर शेजारी धरल्या की लगेच कळतं.

साडेतीन मिनिटांत वेगळा रंग दिसला तर पॉझिटिव्ह, म्हणजे ब्लांचिंग कमी पडलं. साडेतीन मिनिटांनंतर रंग आला तर तो निगेटिव्हच धरायचा. नवीन पोरं इथेच गडबडतात, ट्यूब टेबलावर ठेवून चहा प्यायला जातात आणि दहा मिनिटांनी येऊन लाल ट्यूब बघून सगळी बॅच अडवतात. घड्याळ सोडून जायचं नाही.

आमची एकच बॅच कधी निगेटिव्ह येते कधी पॉझिटिव्ह. टेस्टवर विश्वास ठेवायचा का?

बहुतेक वेळा टेस्ट बरोबर असते, बॅच एकसारखी नसते. माझाच किस्सा सांगतो.

वाफेच्या जॅकेटचं 40 लिटरचं पातेलं, इंचभर तुकडे केलेली फरसबी, 3 मिनिटं. सकाळभर निगेटिव्ह आणि दुपारनंतर एका ट्यूबला 50 सेकंदांत चांगला विटकरी रंग, त्याच्या पुढच्याला काहीच नाही, परत एकाला दोन मिनिटांनी हलका. मी आधी द्रावणावर संशय घेतला, ताजं करून बघितलं, तेच. मग मिक्सर बाजूला ठेवला आणि पॉझिटिव्ह आलेल्या टोपलीतले वीस-पंचवीस तुकडे उभे चिरून पांढऱ्या बशीत मांडले आणि प्रत्येकावर गुआयकॉल (इथे जरा तेज, 1 टक्का) आणि पेरॉक्साइडचा (0.3 टक्के) एक एक थेंब सोडला. बारीक तुकडे स्वच्छ. जाड तुकड्यांमध्ये मात्र बियांवर आणि शिरेच्या बाजूने तपकिरी ठिपके उमटले, बाहेरून अर्धा मिलिमीटर अगदी साफ आणि आत रंग. म्हणजे उष्णता मधोमध पोचलीच नव्हती, हे अगदी डोळ्यासमोर.

मग पातेल्याशी जाऊन उभा राहिलो. दुपारी माल साठला म्हणून टोपलीत 5 ऐवजी 10 किलो जात होते. वर लिहिलंय तो 82 अंशांचा हिशोब तो हाच. पाणी परत 95 वर यायला पावणेदोन मिनिटं लागत होती आणि टायमर टोपली बुडवली त्या क्षणापासून चालू होता. कागदावर 3 मिनिटं, प्रत्यक्षात सव्वा. शिवाय टोपली कुणी हलवत नव्हतं, मधला गठ्ठा तर तेवढाही नाही.

तीन गोष्टी बदलल्या. टोपलीला 5 किलोच, पाणी 95 वर परत आल्यावर टायमर (ते आता पाऊण मिनिटात यायला लागलं), आणि जाड शेंगा चाळणीवर वेगळ्या. मग जाड शेंगांची पायरीपायरीने टेस्ट केली. 2 मिनिटांना रंग 2 मिनिटं 10 सेकंदांनी आला, पॉझिटिव्ह. अडीच मिनिटांना रंग आला तो चार मिनिटांनी, फिकट, म्हणजे निगेटिव्ह. 3 मिनिटांना पाच मिनिटं बघत बसलो तरी काही नाही. आम्ही बारीकला अडीच आणि जाडला 3 ठरवलं. अडीच जाडलाही पास होत होतं, पण काठावर पास झालेली वेळ रोजच्या कामाला ठेवायची नसते, उद्या माल गार आला की संपलं.

यातून सॅम्पलचंही कळेल. नुसतं एकत्र वाटून टेस्ट केली तर दहा चांगल्या तुकड्यांत एक वाईट लपतो. टोपलीच्या मधला, सगळ्यात जाड तुकडा मुद्दाम घ्या.

टेस्ट खोटं पण बोलू शकते का?

हो, दोन्ही बाजूंनी.

खोटं निगेटिव्ह सगळ्यात घातक. पेरॉक्साइड जुनं झालं की त्यात काही राहत नाही, मग कच्ची भाजी घातली तरी रंग येणार नाही आणि तुम्ही खुश. म्हणून रोज सकाळी पहिली ट्यूब कच्च्या भाजीच्या रसाची, ती काही सेकंदांत गडद झाली नाही तर त्या दिवशीची कुठलीच टेस्ट धरू नका. उलट, पेरॉक्साइड फार तेज केलं तर ते एन्झाइमलाच मारतं, म्हणजे जास्त घातलं की चांगलं असं नाही. रसात सी जीवनसत्त्व भरपूर असेल तर ते बनलेला रंग परत घालवत राहतं आणि रंग उशिरा दिसतो, अशा भाज्यांत साडेतीन मिनिटांची मर्यादा थोडी दयाळू ठरते हे लक्षात असू द्या. ब्लांच करून भाजी अजून गरम असताना वाटलीत तर मिक्सरमध्येही एन्झाइम मरत राहतो.

खोटं पॉझिटिव्ह म्हणजे बहुतेक वेळा आपलीच घाण. कच्ची भाजी कापलेली सुरी, तीच पाटी, मिक्सरचं न धुतलेलं भांडं. गंज लागलेलं लोखंड किंवा तांब्याचा अंश असला तरी थोडा रंग येऊ शकतो. खात्री करायची असेल तर तोच रस 10 मिनिटं उकळून, गार करून परत टेस्ट करा. आता एन्झाइम नक्की मेलेला आहे, तरीही रंग आला तर दोष भांड्यात किंवा पाण्यात.

गार केल्यावर निगेटिव्ह होतं, दोन दिवसांनी परत पॉझिटिव्ह. मेलेलं जिवंत कसं झालं?

पेरॉक्सिडेजची ही खोड खरी आहे. फार जास्त तापमानाला अगदी थोडा वेळ गरम केलं की त्याची घडी उलगडते आणि मधला लोह असलेला भाग निसटतो, पण पूर्ण मोडत नाही, आणि गार झाल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत काही रेणू परत घडी घालून कामाला लागतात. कमी वेळ पण कडक आच अशा पद्धतीत हे जास्त दिसतं, साध्या 95 अंशांच्या 3 मिनिटांच्या ब्लांचिंगमध्ये कमी. नवीन वेळापत्रक ठरवताना म्हणून एकदा गार झाल्यावर लगेच आणि एकदा 24 तासांनी टेस्ट करा, रोजच्या बॅचला गरज नाही. थोडासा परत आलेला रंग आणि वास यांचा थेट संबंध असतोच असं नाही, त्यामुळे लगेच माल फेकायला धावू नका.

म्हणजे पूर्ण शून्य करायचं की नाही?

माझं मत, नाही. गोठवलेल्या मालात थोडा पेरॉक्सिडेज उरला तरी चव बिघडत नाही आणि पूर्ण संपवलेल्या मालापेक्षा तो चवीला बरा लागतो हे बऱ्याच भाज्यांत दिसलंय. मटार, फरसबी, फ्लॉवर यांच्यात काही टक्के उरलेलं चालतं, कोबीच्या जातीच्या काही भाज्यांत त्याहून जास्त. साडेतीन मिनिटांची मर्यादा तरी काय आहे, तिचाच अर्थ तो की अगदी थोडा उरलेला चालेल. पाच मिनिटं स्वच्छ ट्यूब बघायचा हट्ट धरणारे सुपरवायझर मला भेटलेत आणि त्यांची फरसबी दाताखाली दोरीसारखी किंवा लापशीसारखी, मधलं काही नाही.

फक्त मक्याच्या कणसात सावध राहा. कणीस गोठवताना एन्झाइम दाण्याइतकाच आतल्या बुरकुंडात असतो, आणि तिथवर उष्णता पोचेपर्यंत दाणे जास्त शिजलेले असतात. 7 ते 11 मिनिटं लागतात ती त्यासाठीच. तुम्हाला दाणेच हवे असतील तर कणीस 4 मिनिटं ब्लांच करा, गार करा, मग दाणे काढून गोठवा, निम्मी कटकट वाचते.

गुआयकॉल मिळत नाही, नुसत्या औषधाच्या दुकानातल्या पेरॉक्साइडवर काही करता येईल?

3 टक्क्यांच्या पेरॉक्साइडचे थेंब कापलेल्या भाजीवर टाका. कच्ची भाजी फसफसते, तो फेस कॅटलेज नावाच्या दुसऱ्या एन्झाइममुळे. ब्लांच केल्यावरही फेस आला तर नक्कीच कमी पडलं. पण फेस आला नाही म्हणून झालं असं मात्र म्हणता येत नाही, कॅटलेज लवकर मरतो, पेरॉक्सिडेज त्याच्या नंतर. म्हणजे ही टेस्ट नापास करू शकते, पास करू शकत नाही. घरी मात्र एवढं पुरे आहे, बाकी वेळ पाळा. आणि टेस्ट केलेले तुकडे कचऱ्यात, परत पातेल्यात नाही.

वाफेवर केलं तर? मायक्रोवेव्हमध्ये?

वाफेवर चालतं, पाण्यात कमी विरघळून जातं, पण वेळ साधारण दीडपट, आणि भाजी एका थरात. ढीग केला की मधे वाफ जातच नाही. पालकाची पानं तर एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो, त्याला पाणीच बरं. मायक्रोवेव्हमध्ये एक कोपरा शिजतो आणि शेजारचा कच्चा राहतो, मी सांगणार नाही.

आमच्याकडे उंचावर पाणी लवकर उकळतं, चालेल ना?

लवकर उकळतं म्हणजे कमी तापमानाला उकळतं. दर 300 मीटरला साधारण 1 अंश कमी. 1500 मीटरच्या वर असाल तर प्रत्येक वेळेत 1 मिनिट वाढवा.

पेरॉक्सिडेज निगेटिव्ह आहे म्हणजे भाजी सुरक्षित आहे असं लेबलवर म्हणू शकतो का?

नाही, अजिबात नाही. टेस्ट एन्झाइमबद्दल बोलते, जंतूंबद्दल नाही. ब्लांचरमधून भाजी जवळजवळ स्वच्छ निघते पण पुढे गार करायचं पाणी, पट्टा, कटर यावरून परत बाधा होऊ शकते. युरोपात 2018 साली गोठवलेल्या मक्याशी जोडलेली लिस्टेरियाची साथ उघड झाली, 2015 पासूनचे 5 देशांतले 47 रुग्ण आणि 9 मृत्यू. असा माल न शिजवता सॅलडमध्ये घालणारे लोक असतात हे लक्षात ठेवून गार करायच्या भागाची सफाई ब्लांचरपेक्षा जास्त कडक हवी.

कॅनिंगमध्ये तर याहून स्पष्ट सांगतो. बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यात तासभर तग धरतात, त्यांना ब्लांचिंगचं काही वाटत नाही. पीएच 4.6 च्या वर असलेली भाजी, म्हणजे जवळपास सगळ्याच भाज्या, प्रेशरखालीच डबाबंद करायच्या, ब्लांच कितीही छान झालं तरी.

आणि ब्लांचर स्वतःच कधी कधी जंतूंचं घर असतो. जेवणाच्या सुट्टीत वाफ बंद करून पाणी 50-60 अंशांवर सोडलं की उष्णता आवडणारे जंतू त्यात मजेत वाढतात, त्यांचे बीजाणू डब्यात जातात, रिटॉर्टमध्येही काही टिकतात, आणि नंतर गरम गोदामात डबा फुगत नाही पण आतली भाजी आंबट होते. डबा बाहेरून ठणठणीत असल्यामुळे हे लवकर पकडलंच जात नाही. सुट्टीत पाणी एकतर गरमच ठेवा नाहीतर सोडून द्या, कोमट ठेवू नका.

सगळ्याच भाज्या ब्लांच करायच्या का?

ढोबळी मिरची, कांदा, कोथिंबिरीसारखी पानं तशीच गोठवली तरी चालतात. कांद्याला दुहेरी पिशवी घाला, नाहीतर फ्रीझरमधल्या सगळ्या वस्तूंना त्याचा वास लागतो.